पिशवी किती रिकामी झाली?

उजव्या बरगडीखाली अधूनमधून जोराची कळ येते. जेवण झाल्यावर तास-दीड तासाने सुरू होते, चढत जाते, पाठीत उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली पोचते आणि दोन-तीन तासांनी आपोआप ओसरते. पित्ताशयाचे खडे असणार असं वाटून सोनोग्राफी केली, तर खडा नाही, पित्ताशयाची भिंत जाड नाही, पित्तनलिका फुगलेली नाही. एंडोस्कोपीत जठर ठीक. यकृताची आणि स्वादुपिंडाची रक्ततपासणीही ठीक. कळ मात्र महिन्या-दोन महिन्यांनी येतेच. अशा वेळी चिठ्ठीवर एक तपासणी लिहून मिळते: हिडा स्कॅन, इजेक्शन फ्रॅक्शनसह.

तिचा अहवाल बहुतेकांना एका आकड्यापुरताच कळतो. पित्ताशय आकसल्यावर त्यातलं किती टक्के पित्त बाहेर पडलं, तो हा आकडा. ३८ किंवा त्याहून जास्त असेल तर पित्ताशय ठीक, कमी असेल तर ते मंद, असं सांगितलं जातं, आणि मंद ठरलेलं पित्ताशय काढण्याचा विषय लगेच निघतो. हा आकडा कसा तयार होतो, कशाने बिघडतो आणि मुळात तो कुणाचा काढावा, हे पाहिल्यावर त्या घाईचा अर्थ नीट लागतो.

यकृत दिवसाला साधारण पाऊण लिटर पित्त बनवतं. उपाशीपोटी लहान आतड्याला त्याची फारशी गरज नसते. नलिकेच्या टोकाशी असलेली ओडीची झडप तेव्हा मिटलेली असते, त्यामुळे बरंचसं पित्त उलटं वळून पित्ताशयात साठतं. पित्ताशयात ३० ते ५० मिलिलिटरच मावतं, पण त्याची भिंत पाणी शोषून घेते आणि पित्त घट्ट करत राहते. जेवणातले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं आतड्याच्या पहिल्या भागात पोचली की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. शिकागोतल्या आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ मध्ये ते शोधून काढलं. त्याचं काम दुहेरी आहे: पित्ताशयाचे स्नायू आकसतात आणि त्याच वेळी ओडीची झडप सैलावते. पिशवी दाबली गेली पण तोंड उघडलंच नाही, तर पित्त बाहेर येणार नाही. झडपेचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येईल.

सोनोग्राफीला पिशवीचा आकार दिसतो, खडे दिसतात, पण पित्त कुठून कुठे चाललंय ते दिसत नाही. त्यासाठी पित्ताच्याच वाटेने जाणारं आणि बाहेरून मोजता येणारं काहीतरी शरीरात सोडावं लागतं. १९७६ साली अमेरिकेत मायकेल लोबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा पदार्थ जगापुढे मांडला. ते खरं तर हृदयाची प्रतिमा मिळवण्याच्या मागे होते. लिडोकेन या भूल देणाऱ्या औषधाशी मिळताजुळता रेणू घेऊन त्याला त्यांनी किरणोत्सारी टेक्नेशियम जोडलं. हृदयाऐवजी यकृताने तो उचलला आणि थेट पित्तात टाकला. त्याच कुळातलं मेब्रोफेनिन आज सर्वात जास्त वापरलं जातं. रक्तातलं जवळपास ९८ टक्के मेब्रोफेनिन यकृत उचलतं, त्यामुळे चित्र स्वच्छ येतं. टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुष्यकाळ सहा तासांचा असल्याने दुसऱ्या दिवशी शरीरात त्याचा फारसा मागमूस उरत नाही. संपूर्ण तपासणीत मिळणारा किरणोत्सार साधारण तीन मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो. निसर्गातून आपल्याला वर्षभरात जितका मिळतो, त्याच पट्टीतला. स्कॅनच्या नावातल्या ‘न्यूक्लिअर’ या शब्दाला लोक घाबरतात, पण या तपासणीत भीती बाळगण्यासारखी जागा वेगळीच आहे.

तपासणी अशी होते. रुग्ण रात्री जेवून सकाळी उपाशी येतो. हाताच्या शिरेतून औषध दिलं जातं आणि पोटावर गॅमा कॅमेरा आणला जातो. पहिल्या काही मिनिटांत यकृत उजळतं, मग पित्तनलिका, मग पित्ताशय आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग. तासाभरात पित्ताशय भरलेलं दिसावं लागतं. ते भरलंच नाही तर पुढची मोजणी होऊच शकत नाही. कारण मोजायची ती रिकामी होण्याची क्रिया, आणि जी पिशवी औषधाने भरलीच नाही तिच्यातून काय कमी झालं ते कसं सांगणार? पित्ताशय न दिसणं हा वेगळाच निष्कर्ष आहे. ताप आणि सततच्या दुखण्यासह तो आला तर पित्ताशयाचं तोंड बंद झाल्याचा संशय घेतात. तिथे टक्केवारी कुणी विचारत नाही.

उपवासाचा तपशील आपल्याकडे विशेष पाहावा लागतो. किमान चार ते सहा तास उपाशी असणं गरजेचं, नाहीतर आधीच्या खाण्याने पित्ताशय आकसलेलंच असतं आणि औषध आत शिरत नाही. उलट २४ तासांहून जास्त उपास झाला असेल तर पित्ताशय घट्ट पित्ताने गच्च भरलेलं असतं, तेव्हाही औषध आत जात नाही. निर्जळी एकादशी करून दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं न फेडताच तपासणीला आलेली व्यक्ती नेमकी या दुसऱ्या गटात बसते. केंद्रावरच्या तंत्रज्ञाला ‘उपाशी आहे’ एवढं सांगून भागत नाही. शेवटचं कधी खाल्लं ते सांगायला हवं.

पित्ताशय भरलं की त्याला आकसायला लावायचं. याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सिंकॅलाइड, त्याच संप्रेरकाचा प्रयोगशाळेत बनवलेला तुकडा. दर किलो वजनामागे ०.०२ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.२ मायक्रोग्रॅम. एवढीशी मात्रा सलाइनमध्ये मिसळून पंपाने शिरेतून देतात. सगळा घोळ ती किती वेळात द्यायची याचा आहे. पूर्वी अनेक ठिकाणी ती दोन-तीन मिनिटांत देऊन टाकत. मग निरोगी माणसाच्याही पोटात पिळवटून येई, मळमळ होई आणि पित्ताशयाचं तोंडच आवळलं जाई. धक्का जोराचा बसे, पण रिकामं कमीच होई. अमेरिकेतले हार्वी झीसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० निरोगी स्वयंसेवकांना तीच मात्रा १५, ३० आणि ६० मिनिटांत देऊन पाहिली आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. कमी वेळात दिल्यावर निरोगी माणसांचे आकडेच इतके पसरलेले निघाले की आजार कुठून सुरू होतो ते ठरवता येईना. ६० मिनिटांत हळूहळू दिल्यावर आकडे एकमेकांजवळ आले आणि खालची मर्यादा ३८ टक्के निघाली.

हे नीट पाहायला हवं. ३८ हा पित्ताशयाचा जन्मजात गुण नव्हे. अमुक औषध, अमुक मात्रा, साठ मिनिटं, या अटींवर निरोगी माणसांत मोजलेली ती खालची मर्यादा आहे. अटी बदलल्या की मर्यादा बदलते. तरीही तीन मिनिटांत इंजेक्शन देऊन आलेला आकडा ३८च्या मापात बसवलेले अहवाल निघतात, आणि ३५ किंवा ४० या जुन्या मर्यादाही अजून फिरत असतात.

दुसरा मार्ग म्हणजे स्निग्ध आहार. सिंकॅलाइड आपल्याकडच्या बऱ्याच केंद्रांत सहज मिळत नाही, त्यामुळे रुग्णाला दूध प्यायला देतात, कुठे त्यात लोणी किंवा चॉकलेट. हे जास्त नैसर्गिक आहे, कारण संप्रेरक रुग्णाचं स्वतःचं आतडंच सोडतं. पण मोजणीत अनिश्चितता वाढते. पित्ताशय नीट आकसायला साधारण १० ग्रॅम तरी मेद आतड्यात पोचावा लागतो. पाव लिटर फुल क्रीम दुधात तो १५ ग्रॅमच्या आसपास मिळतो. पिशवीतल्या टोन्ड दुधात मेद तीनच टक्के, म्हणजे पाव लिटरमागे साडेसात ग्रॅम. रुग्ण घरून दुधाची पिशवी घेऊन येतो आणि ती निळी आहे की केशरी हे कुणी पाहत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. शिवाय जठर मंद असेल तर दूध तिथेच रेंगाळतं, आतड्यापर्यंत निरोपच जात नाही, आणि दोष मात्र पित्ताशयाला लागतो. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या पोटात दुधानेच कळ येते. ती ‘दुखणं पुन्हा निर्माण झालं’ म्हणून अहवालात नोंदवली गेली तर चूक दुणावते. दुधाच्या पद्धतीसाठी प्रत्येक केंद्राने स्वतःची मर्यादा ठरवलेली असायला हवी. सिंकॅलाइडचे ३८ तिथे उचलून लावता येत नाहीत.

आता आकडेमोड. कॅमेरा फोटो काढत नाही, तो गॅमा किरणांची मोजदाद करतो. पडद्यावर पित्ताशयाभोवती एक सीमा आखतात आणि तिच्या आतले ठोके मोजतात. पित्ताशयाच्या पुढेमागे यकृतही असतं, त्याचेही काही ठोके त्यात मिसळतात. म्हणून शेजारच्या यकृतावर दुसरी लहान सीमा आखून तेवढा भाग वजा करतात. उरलेल्या आकड्यांवर हे साधं सूत्र:

इजेक्शन फ्रॅक्शन = (सर्वाधिक ठोके − सर्वात कमी ठोके) ÷ सर्वाधिक ठोके × १००

एक उदाहरण घेऊ. ते अनेक रुग्णांच्या तपशिलांवरून जुळवलेलं आहे, कुणा एकाचं नाही. बाई ४२ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका. सात-आठ महिने उजव्या बरगडीखाली दुखतंय. तीन सोनोग्राफी झाल्या, खडा नाही. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांनी हिडा स्कॅन सांगितला. बाई सकाळी उपाशी गेल्या, तासाभरात पित्ताशय छान भरलं, मग फुल क्रीम दूध प्यायल्या. पार्श्वभूमी वजा केल्यावर सर्वाधिक ठोके ५५,०००. साठ मिनिटांनी ४२,९००. फरक १२,१००, म्हणजे २२ टक्के. अहवालात ‘पित्ताशय मंद’ असं आलं आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तारीखही ठरली.

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाने नेहमीचे प्रश्न विचारले. कुठली औषधं चालू आहेत? बाईंनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. पोटदुखीसाठी दिलेली, ट्रॅमाडॉल आणि डायसायक्लोमाइन असलेली. ‘स्कॅनच्या दिवशी पण घेतली होतीत?’ ‘घेतली की. सकाळी सहाच्या एस.टी.त दोन तास बसायचं होतं. उपाशी राहा म्हणाले होते, गोळी घेऊ नका असं कुणी सांगितलं नाही.’

ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळाशी नातं सांगणारं वेदनाशामक. या कुळातली औषधं ओडीची झडप आवळून धरतात. डायसायक्लोमाइन पेटका थांबवतं, म्हणजे स्नायूंना आकसू देत नाही, आणि पित्ताशयाची भिंतही स्नायूंचीच असते. एका औषधाने दार बंद केलं आणि दुसऱ्याने दाबणारा हात सैल केला. अशा स्थितीत २२ टक्के पित्त बाहेर पडलं हेच विशेष. या गोळ्या दोन दिवस बंद ठेवून त्याच केंद्रात, तितक्याच दुधावर तपासणी पुन्हा झाली. या वेळी सर्वाधिक ठोके ६०,०००, शेवटी २८,८००. म्हणजे ५२ टक्के. त्या केंद्राच्या मर्यादेने हे पित्ताशय व्यवस्थित होतं.

अशी औषधं पुष्कळ आहेत. मॉर्फिन, कोडीन आणि त्यांचे भाऊबंद तर आहेतच. शिवाय रक्तदाबासाठीचं निफेडिपिन, दम्याचं थिओफायलिन, काही झोपेच्या गोळ्या, प्रोजेस्टेरॉन, ऑक्ट्रिओटाइड. सिगारेट आणि दारूही यात येतात. अफूच्या कुळातलं औषध किती आधी थांबवायचं हे त्याच्या शरीरातल्या टिकण्यावर ठरतं. नियम असा की त्याचे चार अर्धायुष्यकाळ उलटून जावेत. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नसते. यादी डॉक्टरांपुढे ठेवायची आणि काय थांबवायचं ते त्यांनी ठरवायचं. पण यादी मागितली गेली पाहिजे. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘उपाशीपोटी’ एवढंच छापलेलं असतं, तिथेच पहिली गफलत होते.

दुसरी गफलत सीमा आखण्यातली. पित्ताशयातून निघालेलं औषध आतड्याच्या पहिल्या वळणात उतरतं, आणि समोरून पाहिलं तर कधी कधी हे वळण नेमकं पित्ताशयावरच येतं. मग जे ठोके बाहेर पडले ते सीमेच्या आतच मोजले जातात. समजा पित्ताशयात ६०,००० ठोके होते आणि शेवटी सीमेत ४२,००० उरले, म्हणजे ३० टक्के. यातले ९,००० आतड्याचे असतील तर खरे उरलेले ३३,००० आणि खरा आकडा ४५. आजारी पित्ताशय चिमटीभर ठोक्यांनी निरोगी झालं. यावर उपाय सोपा आहे. रुग्णाला थोडं वळवून, शरीराच्या पुढून डाव्या बाजूने तिरकं पाहिलं की पित्ताशय आणि आतडं वेगळे दिसतात. आणि सगळी चित्रं चित्रपटासारखी सलग चालवून पाहिली की सीमेत शिरणारं आतडं डोळ्यांना पकडता येतं. स्कॅन वाचणाऱ्याने हे केलंय का, हे आकड्यावरून कळत नाही. अहवालासोबतचा वक्र पाहिला तर थोडा अंदाज येतो. पित्ताशयाचा वक्र सलग उतरण्याऐवजी मध्येच उचकी दिल्यासारखा वर गेला असेल, तर सीमेत काहीतरी आलं किंवा रुग्ण हलला असं समजायचं.

शिक्षिकाबाईंकडे परत येऊ. पित्ताशय निर्दोष ठरलं, मग दुखत काय होतं? या वेळी कुणीतरी दुखण्याची कहाणी पहिल्यापासून ऐकली. दुखणं रोजचं होतं. फळ्यावर लिहिताना हात वर केला की वाढायचं, एका कुशीवर झोपलं की कमी व्हायचं. जेवणाशी त्याचा मेळ बसत नव्हता. बोटाने दाखवा म्हटल्यावर बाईंनी एका रुपयाएवढी जागा दाखवली. उताणं झोपवून, त्या जागेवर बोट दाबून, डोकं उचलायला सांगितलं. पोटाचे स्नायू ताणले गेले आणि दुखणं वाढलं. आतल्या अवयवाचं दुखणं असतं तर ताणलेल्या स्नायूंनी त्याला झाकलं असतं आणि ते कमी झालं असतं. ही चाचणी कार्नेट यांनी १९२६ मध्ये सांगितली. तिला ना यंत्र लागतं ना पैसे. पोटाच्या भिंतीतली एक नस अडकून दुखत होती. तिथे भुलीचं इंजेक्शन दिल्यावर बाईंना आराम पडला.

थोडक्यात, बाईंची दुसरी तपासणी बरोबर झाली, पण खरं तर पहिलीचीही गरज नव्हती. इथून प्रश्न येतो, ही तपासणी कुणासाठी.

पोटाच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या रोम मंडळाने २०१६ मध्ये पित्ताच्या खऱ्या दुखण्याचं वर्णन ठरवून दिलं. दुखणं पोटाच्या मधोमध वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली असतं. ते चढत जाऊन एका पातळीवर टिकतं आणि किमान अर्धा तास राहतं. रोज येत नाही, कमीजास्त अंतराने येतं. आलं की काम टाकून बसावं लागतं किंवा दवाखान्यात धाव घ्यावी लागते. शौचाला गेल्याने, कूस बदलल्याने किंवा आम्लविरोधी गोळीने त्यात विशेष फरक पडत नाही. मळमळ, पाठीत कळ जाणं, रात्री झोपेतून जागं होणं, या जोडीच्या खुणा. असं दुखणं, खडे नाहीत, रक्ततपासणी ठीक आणि एंडोस्कोपीत दुसरं कारण नाही: या माणसासाठी हिडा स्कॅन आणि त्याची टक्केवारी आहे. तीही दुखण्याच्या झटक्यात किंवा रुग्णालयात भरती असताना काढायची नाही. तेव्हा शरीरातल्या औषधांनी आणि आजारपणाने आकडा हमखास खाली येतो. घरी बरं असताना, ठरवून, बाहेरून येऊन करायची ही तपासणी आहे.

त्याच मंडळाने टक्केवारीची जागाही बदलली. पूर्वी कमी आकडा निदानाचा मुख्य आधार मानला जाई. २०१६ मध्ये तो निदानाला आधार देणारा पुरावा म्हणून खाली उतरला. मला हा बदल योग्य वाटतो. मंद पित्ताशय ठणठणीत माणसांतही सापडतं. मधुमेहात, लठ्ठपणात, यकृताच्या सिरोसिसमध्ये, संवेदनशील आतड्याच्या तक्रारीत, गरोदरपणातही सापडतं. ज्याला वर सांगितलेलं दुखणं नाही त्याचा कमी आकडा कशाचंच निदान करत नाही. गॅस, पोट फुगणं, जेवणानंतर जड वाटणं, आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ, ज्याला आपण घरात ‘पित्त’ म्हणतो, यांसाठी ही तपासणी नाही. या तक्रारींवर पित्ताशय काढलेल्यांच्या तक्रारी पुष्कळदा तशाच राहतात.

खडे आहेत आणि दुखणंही पित्ताचं आहे, अशांनाही टक्केवारीची गरज नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय खड्यावर आणि दुखण्यावर होतो, ६० टक्के आकडा आला म्हणून खडा विरघळत नाही. गरोदर स्त्रीची तपासणी, तातडी नसेल तर, पुढे ढकलतात. अंगावर पाजणाऱ्या आईने तसं आधी सांगावं, थोडा वेळ दूध काढून ठेवण्याबद्दल केंद्र तिला सूचना देतं.

आकडा कमी आणि दुखणंही खरं, तेव्हा शस्त्रक्रियेचा उपयोग होतो का? या प्रश्नावर सर्वात जास्त सांगितला जाणारा प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचा, १९९१ सालचा. याप, टूली आणि सहकाऱ्यांनी खडे नसलेल्या पण पित्तासारखं दुखणाऱ्या १०३ जणांची तपासणी केली. ४० टक्क्यांहून कमी आकडा आलेल्या २१ जणांत चिठ्ठ्या टाकून ११ जणांचं पित्ताशय काढलं, दहा जणांचं ठेवलं. सरासरी जवळपास तीन वर्षांनी पाहिलं तर काढलेल्या ११पैकी दहा जण पूर्ण बरे होते, अकराव्याला उतार होता. ठेवलेल्या दहाही जणांचं दुखणं चालूच होतं. निकाल जबरदस्त दिसतो. पण माणसं एकवीसच, आणि कुणाची शस्त्रक्रिया झाली हे अर्थातच प्रत्येकाला ठाऊक होतं. पोटाच्या दुखण्यात ‘काहीतरी काढलं’ या समजुतीचाही मोठा हात असतो. शिवाय ती माणसं काटेकोर निवडलेली होती, आणि सिंकॅलाइड त्यांना पाऊण तास हळूहळू दिलं होतं. या प्रयोगाच्या भरवशावर अमेरिकेत निव्वळ मंद पित्ताशयासाठी शस्त्रक्रिया भरपूर होऊ लागल्या, मुलांमध्येसुद्धा. इतर बहुतेक देशांत हे निदान त्या मानाने क्वचित होतं. पित्ताशयं काही देशागणिक वेगळी नसतात. फरक निवडीच्या काटेकोरपणाचा आहे.

शस्त्रक्रिया आज सोपी झाली आहे, दुसऱ्या दिवशी माणूस घरी जातो. तरी थोड्या जणांना नंतर पातळ शौचाचा त्रास राहतो, आणि क्वचित मुख्य पित्तनलिकेला इजा होते. तसं झालं तर मात्र माणसाचं आयुष्य बदलतं. हे दुखणं जिवावरचं नसतं आणि अनेकांत काही महिन्यांत आपोआप कमीही होतं. म्हणून आकडा कमी आला तरी थोडे महिने थांबून दुखण्याच्या झटक्यांची तारीखवार नोंद ठेवायला सांगणारा सर्जन मला जास्त विश्वासाचा वाटतो.

इंजेक्शन चालू असताना ‘तसंच दुखलं’ म्हणून रुग्ण सांगतो, त्याचं काय? ही खूण पूर्वी फार मानत. आता तिचा भरवसा उरलेला नाही. सिंकॅलाइड आतड्यालाही आवळतं, आणि घाईने दिलं तर कुणाच्याही पोटात कळ येते. संवेदनशील आतडं असणाऱ्याला ती नेहमीच्या दुखण्यासारखीच वाटते.

अलीकडे आकड्याच्या दुसऱ्या टोकाचीही चर्चा सुरू झाली आहे. ८० टक्क्यांहून जास्त रिकामं होणारं पित्ताशय ‘अतिचपळ’ म्हणून काढावं, असं काही सर्जन म्हणतात. काही रुग्ण त्यानंतर बरेही झाले आहेत. पण जेवणानंतर जवळजवळ पूर्ण रिकामं होणं हे कित्येक निरोगी पित्ताशयांचं रोजचंच काम असतं, आणि झीसमन यांच्यासारख्या प्रयोगांत निरोगी स्वयंसेवकांचे आकडे नव्वदीतही जातात. खाली ३८ आणि वर ८० अशा दोन रेघा आखल्या तर त्यांच्या बाहेर बरीच ठणठणीत माणसं सापडतील. तूर्त या वरच्या रेघेवरून शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर दुसऱ्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.